जॉइनिंगच्या आधी कागद कुठे असतो?

पुण्यातल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या एचआर विभागात मी अकरा वर्षं नर्स आणि डॉक्टरांच्या कागदपत्रांची पडताळणी केली. त्या अकरा वर्षांत सगळ्यांत जास्त वेळा कानावर पडलेला प्रश्न होता, "मॅडम, माझं व्हेरिफिकेशन झालं का?" आणि आम्ही सगळ्यांत जास्त वेळा दिलेलं उत्तर होतं, "प्रोसेसमध्ये आहे." उत्तर खरंच असायचं. पण ते ऐकून फोन ठेवणाऱ्या मुलीच्या हाती काहीच लागायचं नाही. जुन्या नोकरीचा राजीनामा दिलेला, हॉस्टेलची खोली सोडायची तारीख ठरलेली, पुण्यात डिपॉझिट भरलेलं, आणि नव्या नोकरीची पहिली तारीख मात्र अधांतरी.

चूक बहुतेक वेळा प्रश्नातच असते, हे मला फार उशिरा उमगलं. "झालं का?" या प्रश्नाला "नाही" एवढंच उत्तर मिळू शकतं. काय व्हायचं राहिलं आहे, कुणाकडे, आणि कोणत्या नावाने, हे विचारलं तर टेबलाच्या या बाजूला बसलेल्या माणसालाही फाइल उघडून बघावी लागते.

आधी पडताळणी म्हणजे काय ते सांगते, कारण इथे मोठा गैरसमज आहे. उमेदवार मूळ प्रमाणपत्रं घेऊन येते, आम्ही ती झेरॉक्सशी ताडून बघतो, शिक्का मारतो. तिला वाटतं, काम झालं. खरं तर तिथे काम सुरू होतं. हातात दिलेला कागद कितीही खरा दिसला तरी रुग्णालय त्यावर थांबत नाही. पदवी ज्या विद्यापीठाने दिली त्या विद्यापीठाला, नोंदणी ज्या परिषदेने केली त्या परिषदेला आणि अनुभवाचं पत्र ज्या रुग्णालयाने दिलं त्या रुग्णालयाला आम्ही स्वतंत्रपणे विचारतो, की हे तुम्हीच दिलं आहे का? उत्तर त्यांच्याकडून थेट आमच्याकडे यावं लागतं, उमेदवाराच्या हातून नाही. दर्जाचं मानांकन देणाऱ्या एनएबीएचच्या तपासणीत परीक्षक वॉर्डातून कुठल्याही एका सिस्टरचं नाव उचलतात आणि तिची फाइल मागतात. त्या फाइलमध्ये नुसती झेरॉक्स आहे की मूळ ठिकाणाहून आलेला दुजोरा आहे, हे ते बघतात.

म्हणजे एका नर्सच्या जॉइनिंगआधी तीन-चार वेगवेगळ्या शहरांतल्या तीन-चार कार्यालयांत तिच्याबद्दल विचारणा गेलेली असते. आमचं टेबल हे त्यातलं फक्त एक. उशीर झाला तर तो बहुधा त्या दुसऱ्या टेबलांवर झालेला असतो. आणि गंमत नाही, गांभीर्याने सांगते, त्या दुसऱ्या टेबलांना हलवण्याची ताकद आमच्यापेक्षा त्या मुलीकडे जास्त असते. ती त्यांची जुनी विद्यार्थिनी असते, जुनी सिस्टर असते. आमची ईमेल मात्र त्यांच्यासाठी अनोळखी रुग्णालयाची असते.

एक प्रसंग सविस्तर सांगते. ओळख पटेल असं काही त्यात ठेवलेलं नाही.

गडहिंग्लजकडची एक मुलगी. त्या भागातल्या अनेकांसारखी शिकायला कोल्हापूरला न जाता बेळगावला गेली, कारण घरापासून ते जवळ. चार वर्षांचं बी.एस्सी. नर्सिंग तिथे केलं. महाराष्ट्रातली नर्सिंग कॉलेजं नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाखाली येतात, तिचं कॉलेज मात्र बंगळूरच्या राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठाला जोडलेलं. पदवी बंगळूरची, नोंदणी कर्नाटकच्या नर्सिंग कौन्सिलची, आणि नंतरची तीन वर्षं नोकरीही बंगळूरलाच, आयसीयूमध्ये. मग लग्न झालं, नवरा पुण्याला, म्हणून पुण्यात नोकरी शोधली. आमच्याकडे मुलाखत उत्तम झाली. ८ मे रोजी ऑफर लेटर दिलं, जॉइनिंगची तारीख १ जुलै. पत्राच्या शेवटी नेहमीची ओळ होती, की ही नियुक्ती कागदपत्रांची पडताळणी आणि महाराष्ट्रातली नोंदणी यांच्या अधीन आहे. ही ओळ फार कमी लोक वाचतात.

महाराष्ट्रातली नोंदणी हा इथला कळीचा मुद्दा. महाराष्ट्र परिचर्या अधिनियम १९६६ सालचा, आणि त्याखाली महाराष्ट्र परिचर्या परिषद राज्यातल्या नर्सेसची नोंदवही ठेवते. बोलीभाषेत सगळे तिला एमएनसी म्हणतात. कर्नाटकात रीतसर नोंदणी असली तरी पुण्यात काम करायचं तर नाव इथल्या वहीत यावं लागतं. त्यासाठी ती इथे अर्ज करते आणि कर्नाटकच्या परिषदेने तिची तिथली नोंदणी खरी असल्याचं आणि त्यांची हरकत नसल्याचं इकडे कळवावं लागतं. यालाच सगळे एनओसी म्हणतात. दोन राज्यांच्या दोन परिषदा, दोन अर्ज, आणि मध्ये एक दुजोरा. तो दुजोरा येईपर्यंत इथली फाइल पुढे सरकत नाही.

तिने १२ मेला सगळे कागद आमच्याकडे दिले. बंगळूरच्या रुग्णालयाला राजीनामा दिला, शेवटचा दिवस ३० जून ठरला. २० मेच्या सुमारास आमच्याकडून विद्यापीठाला आणि जुन्या रुग्णालयाला ईमेल गेल्या. मग शांतता. जूनच्या पहिल्या आठवड्यात तिने दोनदा फोन केला आणि दोन्ही वेळा तेच उत्तर मिळालं, "प्रोसेसमध्ये आहे." तिसऱ्यांदा तिने फोन केला नाही. १० जूनला तिची ईमेल आली. मूळ इंग्रजीत होती, मराठीत तिचा आशय असा:

"नमस्कार मॅडम. माझी १ जुलैची जॉइनिंग आहे आणि इथला शेवटचा दिवस ३० जून आहे. कृपया एवढं कळवाल का? माझ्या कोणत्या कागदाचा दुजोरा आला आहे आणि कोणाचा यायचा आहे? ज्यांचा आलेला नाही, त्यांना विचारणा कोणत्या तारखेला आणि कोणत्या ईमेल पत्त्यावर गेली? त्या विचारणेत माझं नाव आणि रजिस्ट्रेशन नंबर कसा लिहिला आहे? काही माझ्या बाजूने करण्यासारखं असेल तर मी लगेच करते. नोंदणी १ जुलैपर्यंत झाली नाही तर जॉइनिंग कधीची धरायची, हेही १५ जूनपूर्वी कळलं तर मला इथला शेवटचा दिवस पुढे ढकलता येईल."

ही ईमेल मी नंतर अनेक उमेदवारांना नमुना म्हणून सांगितली, नाव काढून. त्यात तक्रार नाही, विनवणी नाही. पण तिचं उत्तर फाइल उघडल्याशिवाय देताच येत नव्हतं. मी फाइल उघडली.

विद्यापीठाचा दुजोरा आलेला होता. जुन्या रुग्णालयाला पाठवलेली ईमेल परत आलेली होती, पत्ता चुकीचा म्हणून. ती परत आल्याचा निरोप आमच्या सामाईक मेलबॉक्समध्ये पडून होता आणि तीन आठवडे कुणी बघितला नव्हता. ही आमची चूक, आणि ती मी तिला तशीच कळवली. तिने फॉर्ममध्ये दिलेला पत्ता होता तिला नोकरी देणाऱ्या अधिकाऱ्याचा, आणि तो माणूस केव्हाच सोडून गेला होता. तिने त्याच दिवशी नर्सिंग सुपरिंटेंडंटच्या कार्यालयाचा पत्ता पाठवला, आणि स्वतः जाऊन त्यांना सांगितलं की पुण्याहून अशी विचारणा येणार आहे. दुजोरा दोन दिवसांत आला.

इथे एक बारीक गोष्ट सांगायला हवी. पूर्वीच्या नोकरीचा दुजोरा केव्हा मागायचा, हे उमेदवाराने ठरवायचं असतं. ती अजून तिथे काम करत असेल आणि राजीनामा दिला नसेल, तर आमची ईमेल गेल्यावर तिची नोकरी बदलण्याची बातमी तिच्याआधी आम्हीच तिथे पोचवू. म्हणून फॉर्ममध्ये स्पष्ट लिहावं, की राजीनामा स्वीकारल्याशिवाय सध्याच्या रुग्णालयाशी संपर्क करू नये. चांगलं रुग्णालय हे पाळतं. आणि रिलीव्हिंग लेटर, म्हणजे कामातून मोकळं केल्याचं पत्र, हे शेवटच्या दिवसाआधी मिळूच शकत नाही. ते मागणारा फॉर्म बघून पुष्कळ मुली घाबरतात. जॉइनिंगच्या दिवशी आणलं तरी चालेल का, एवढं विचारून घेतलं तर भीती संपते.

आता परिषदेची गोष्ट. तिथली अडचण मला त्या संध्याकाळी फाइल वाचताना दिसली, आणि ती इतकी मराठी आहे की बंगळूरच्या कारकुनाला ती कळण्याचं कारणच नाही.

आपल्याकडे पूर्ण नावाचे तीन भाग असतात. स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. लग्नानंतर मुलीचं आडनाव तर बदलतंच, पण मधलं नावही बदलतं. वडिलांच्या जागी नवऱ्याचं येतं. तीनपैकी दोन भाग नवे, आणि काही घरांत पहिलं नावही बदलतात. त्यात हिचं शिक्षण कर्नाटकात. तिथल्या मार्कलिस्टवर वडिलांचं नाव पूर्ण न लिहिता फक्त आद्याक्षर होतं. दहावीची मार्कलिस्ट महाराष्ट्र बोर्डाची, त्यात तीन भाग पूर्ण. पदवी आणि कर्नाटकची नोंदणी आद्याक्षराची. आधार आणि पॅन लग्नानंतरच्या नावाचे. एकाच मुलीची तीन नावं, आणि तिन्ही खरी.

तिने कर्नाटकच्या परिषदेकडे एनओसी मागितली ती तिथल्या जुन्या नावाने, कारण नोंदणी त्या नावावर होती. महाराष्ट्राच्या परिषदेकडे अर्ज केला तो आधारवरच्या नव्या नावाने, कारण तिथे ओळख आधारने पटवायची होती. दोन्ही निर्णय वेगवेगळे पाहिले तर बरोबर होते. पण तिकडून येणारा दुजोरा एका बाईचा आणि इकडची वाट बघणारी फाइल दुसऱ्या बाईची, असं झालं. कुणी नाकारलं नव्हतं, कुणी अडवलं नव्हतं. दोन कागद एकमेकांना भेटतच नव्हते.

हे ओळखण्याची एक सोपी खूण आहे. तिकडचं कार्यालय म्हणतं, "आम्ही पाठवलं." इकडचं म्हणतं, "आमच्याकडे आलं नाही." दोघंही ठामपणे. असं झालं की टपाल हरवलं असं समजू नये, आधी नाव आणि नंबर तपासावेत. माझ्या अनुभवात यातल्या निम्म्याहून जास्त भानगडी नावाच्याच निघायच्या.

तिने काय केलं ते सांगते. विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र होतंच. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं प्रतिज्ञापत्र तिने करून घेतलं. मग दोन्ही परिषदांना पत्र लिहिलं, आणि प्रत्येक पत्रात दुसऱ्या परिषदेकडच्या अर्जाचा क्रमांक आणि तिथे वापरलेलं नाव लिहिलं. ही शेवटची गोष्ट महत्त्वाची. नुसतं विवाह प्रमाणपत्र जोडलं की कारकुनाला कळतं की नाव बदललं आहे, पण कोणता कागद कोणत्या फाइलला लावायचा हे कळत नाही. क्रमांक दिला की कळतं. तिच्या सासऱ्यांनी मुंबईला परिषदेच्या कार्यालयात एक फेरी मारली आणि पत्राची पोच घेऊन आले.

तरी १ जुलै गाठता येणार नाही हे १३ जूनलाच आम्हाला दिसत होतं. मी नर्सिंग विभागाशी बोलून तिला लेखी कळवलं, की जॉइनिंग १५ जुलै धरा, ऑफर कायम आहे. तिने ते पत्र दाखवून बंगळूरच्या रुग्णालयाकडून शेवटचा दिवस १२ जुलै करून घेतला. तिथेही माणसं कमी होती, त्यांना बरंच झालं. तिचा पगार जवळजवळ चुकलाच नाही. हेच तिला २८ जूनला कळलं असतं, तर तिच्या जागी बंगळूरला दुसरी मुलगी आलेली असती, आणि ही पंधरा-वीस दिवस बिनपगारी घरी बसली असती. मी अशा मुली पाहिल्या आहेत, शिक्षणाच्या कर्जाचा हप्ता डोक्यावर असलेल्या. म्हणून विचारायची तारीख महत्त्वाची. जुन्या नोकरीचा शेवटचा दिवस बदलता येईल तोवर विचारलं तर त्या विचारण्याचा उपयोग.

मधल्या काळात तिने मला एक प्रश्न विचारला, तो बऱ्याच जणी विचारतात. "मॅडम, नंबर येईपर्यंत मी ड्युटीला आले तर? शिकाऊ म्हणून ठेवा." नाही. काही रुग्णालयं असं करतात हे मला माहीत आहे, आणि ते मला कधीच पटलं नाही. आयसीयूतली नर्स दर पाळीत औषधांच्या तक्त्यावर कितीतरी सह्या करते. इन्सुलिन किती युनिट, पोटॅशियम किती वेगाने, मॉर्फिनची कुपी किती वाजता उघडली. रुग्णाचं काही बिघडलं आणि प्रकरण ग्राहक आयोगात किंवा पोलिसांत गेलं, तर पहिल्यांदा विचारतात की ही सही कुणाची आणि तिची नोंदणी त्या तारखेला होती का. नसेल, तर तिने सगळं अचूक केलेलं असलं तरी तिची बाजू लंगडी पडते, आणि रुग्णालय तेव्हा तिच्या पाठीशी उभं राहील याची खात्री कुणी देऊ नये. वॉर्डाची ओळख, संगणकावर नोंद कशी करायची, आग लागली तर काय करायचं, एवढं वर्गातलं प्रशिक्षण नोंदणीआधी देता येतं. रुग्णाला हात लावायचा नाही, तक्त्यावर सही करायची नाही.

नोंदणी असूनही अडणाऱ्या मुलींचा एक वेगळा गट असतो. महाराष्ट्रातच शिकलेल्या, नंबर असलेल्या, पण नूतनीकरण राहून गेलेलं. दर पाच वर्षांनी ते करावं लागतं. बाळंतपणासाठी नोकरी सोडली, दोन-तीन वर्षं घरी गेली, आणि मधेच मुदत संपली. प्रमाणपत्र भिंतीवर फ्रेममध्ये असतं आणि मुदतीची तारीख त्याच्या खालच्या कोपऱ्यात. नोकरीचा अर्ज करण्याआधी ती फ्रेम उतरवून तारीख बघावी, एवढंच.

डॉक्टरांचं थोडं वेगळं. त्यांची नोंदणी महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे, तीही दर पाच वर्षांनी नवी करायची, आणि त्यासाठी पाच वर्षांत वैद्यकीय शिक्षणाचे ३० श्रेयांक तास जमवावे लागतात. त्यांची नेहमीची अडचण अशी, की एम.डी. किंवा एम.एस. होऊन वर्ष झालेलं असतं, पण ती जादा पदवी परिषदेच्या नोंदीत चढवलेली नसते. विद्यापीठाने पदवी दिली म्हणजे परिषदेच्या वहीत ती आपोआप येत नाही, वेगळा अर्ज करावा लागतो. रुग्णालय त्यांना भूलतज्ज्ञ म्हणून घेत असतं आणि वहीत ते अजून फक्त एम.बी.बी.एस. असतात. शिवाय डॉक्टरांचे सगळे कागद पूर्ण झाल्यावरही रुग्णालयाची एक समिती बसते आणि त्यांनी कोणकोणत्या प्रक्रिया स्वतंत्रपणे करायच्या ते ठरवते. ती समिती काही ठिकाणी महिन्यातून एकदाच बसते. म्हणून डॉक्टरांनी "कागद झाले का?" याच्यापुढे जाऊन "समितीची पुढची बैठक कधी, आणि माझं नाव त्यात आहे का?" हे विचारावं. बैठक हुकली तर महिना गेला.

रुग्णालयांनाही एक सांगणं आहे, कारण मी त्या खुर्चीत बसले आहे. ऑफर लेटर पाठवतानाच उमेदवाराला एक साधा तक्ता पाठवावा. कोणाकडे विचारणा गेली, कधी गेली, दुजोरा आला का. दर सोमवारी तो अद्ययावत करायला अर्धा तास लागतो. मी शेवटची तीन वर्षं हे केलं आणि "झालं का?" असे फोन जवळजवळ बंद झाले. परत आलेल्या ईमेलही त्याच दिवशी दिसायला लागल्या, कारण तक्त्यातली रिकामी चौकट उमेदवारालाही दिसायची आणि ती लगेच लिहायची, "मॅडम, हा पत्ता जुना आहे."

त्या मुलीचा महाराष्ट्राचा नंबर ९ जुलैला आला. मी परिषदेच्या नोंदीत तो स्वतः तपासून फाइलला प्रिंट लावली. १५ जुलैला सकाळी आठच्या सुमारास ती आली, रिलीव्हिंग लेटर प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घेऊन. आमच्याकडे नमुना सह्यांची एक वही असते. औषधांच्या तक्त्यावर दिसणारी सही कुणाची, हे नंतर कधीही ओळखता यावं म्हणून प्रत्येक नर्स पहिल्या दिवशी त्यात नाव, नंबर लिहून सही करते. तिने पेन घेतलं आणि थांबली. "मॅडम, सही मी अजून जुन्याच नावाची करते. चालेल?" मी म्हटलं, सही हवी ती करा, फक्त आजपासून प्रत्येक तक्त्यावर तीच करा आणि नाव मात्र नोंदणीत आहे तसंच लिहा. तिने नोंदणीतलं नाव लिहिलं, तिन्ही भाग पूर्ण. शेजारी नंबर. आणि त्यापुढे माहेरच्या आडनावाची सही.